पासवर्ड बदलला, तरी चोर आतच कसा?

नेरूळ असो, सानपाडा असो की खारघर, संध्याकाळी सोसायटीच्या जिन्यात मोबाईल आडवे धरून बसलेल्या पोरांच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘भावा, माझी आयडी गेली.’ आयडी म्हणजे गेमचं खातं. बीजीएमआय, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, हा गेम २ जुलै २०२१ ला आपल्याकडे आला. तेव्हापासून खेळणाऱ्याच्या आयडीत चार-पाच वर्षांची मेहनत साठलेली असते आणि रॉयल पास, कपडे, बंदुकांच्या स्किन यांवर हप्त्या-हप्त्याने घातलेले हजारो रुपयेही. घरच्यांना तो आकडा बहुधा ठाऊक नसतो.

आयडी गेल्याचं लक्षात आलं की मुलगा पहिली गोष्ट करतो ती पासवर्ड बदलण्याची. तो बदलतोही. रात्री निवांत झोपतो. दुसऱ्या दिवशी ऐन सामन्यात पडद्यावर सूचना झळकते की तुमचं खातं दुसऱ्या फोनवर उघडलं गेलं आहे, आणि तो बाहेर फेकला जातो. नवा पासवर्ड त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. मग चोर आत शिरला कुठून?

खरं तर तो पुन्हा शिरलेलाच नसतो. तो बाहेर गेलाच नव्हता.

पासवर्ड लागतो तो फक्त एकदा

आपल्या सोसायटीच्या गेटवर नवा माणूस आला की वॉचमन त्याची चौकशी करतो आणि महिनाभराचा पास देतो. त्यानंतर कुणी काही विचारत नाही, पास दाखवला की झालं. आता सोसायटीने चौकशीचे नियम कितीही कडक केले, तरी आधी वाटलेले पास रद्द केल्याशिवाय जुना माणूस बिनदिक्कत येत-जात राहणार. ऑनलाइन खात्यांचं नेमकं असंच आहे. पासवर्ड बरोबर निघाला की कंपनीचा सर्व्हर तुमच्या फोनला एक लांबलचक गुप्त आकडा देतो. त्याला सेशन टोकन म्हणतात. पुढे दर वेळी फोन तोच दाखवतो, म्हणून तर गेम उघडताना रोज पासवर्ड टाकावा लागत नाही.

गेमच्या बाबतीत गुंता आणखी एका पायरीचा आहे. बीजीएमआयला बहुतेक जण फेसबुक, गूगल प्ले गेम्स, एक्स किंवा आयफोनवर अॅपलच्या खात्यातून शिरतात. फेसबुक गेमला सांगतं, ‘हा माणूस खरा आहे,’ आणि मग गेम स्वतःचं वेगळं टोकन देतो. म्हणजे टोकनं दोन झाली, एक फेसबुकचं, एक गेमचं. फेसबुकचा पासवर्ड बदलताना ‘सगळ्या उपकरणांतून बाहेर काढा’ हा पर्याय निवडला नाही, तर चोराचं पहिलं टोकन जिवंत राहतं. तो निवडला, तरी गेमचं दुसरं टोकन काही काळ चालू राहू शकतं. आणि हुशार चोर एवढ्यावरही थांबत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन तो तुमच्या आयडीला स्वतःचं एक खातं जोडून ठेवतो. मग तुमच्या फेसबुकशी त्याचं काही देणंघेणंच उरत नाही.

फुकटच्या यूसीचा सापळा

यूसी हे या गेममधलं चलन. ते रुपये मोजून घ्यावं लागतं, त्यामुळे ‘फुकट यूसी’ या दोन शब्दांवर सगळा धंदा उभा आहे. क्लॅनच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक येते, ती उघडली की गेमच्या रंगांत सजवलेलं पान दिसतं, त्यावर बक्षिसांचं चक्र फिरतं आणि ‘बक्षीस घेण्यासाठी फेसबुकने लॉगिन करा’ असं बटण येतं. दाबल्यावर उघडणारी फेसबुकची चौकट खरी नसते. त्याच पानावर काढलेलं ते चित्र असतं, वरच्या पट्टीतला facebook.com हा पत्ताही त्या चित्राचाच भाग. ओळखायची एक सोपी खूण आहे. फोनमध्ये पासवर्ड साठवलेला असेल, तर खऱ्या पानावर तो आपोआप सुचवला जातो. बनावट पानावर सुचवला जात नाही, कारण फोन चित्र पाहत नाही, खरा पत्ता पाहतो. एरवी येणारी सूचना आली नाही की तिथेच हात थांबवावा.

दुसरी खूण याहून पक्की. गेमच्या अधिकृत पानावर, म्हणजे battlegroundsmobileindia.com/redeem इथे, बक्षिसाचा कोड टाकताना कॅरेक्टर आयडी, कोड आणि चित्रातली अक्षरं एवढंच लागतं. कॅरेक्टर आयडी हा तुमच्या प्रोफाइलवर सगळ्यांना दिसणारा आकडा आहे. बक्षीस पोचवायला कंपनीला तेवढा पुरतो. त्यामुळे बक्षिसासाठी जे पान पासवर्ड मागतं, ते चोराचं.

मित्राला ‘दोन दिवस’ दिलेली आयडी आणि कुठून तरी उतरवलेली फेरफार केलेली अॅपं, हे नेहमीचे आणखी दोन रस्ते. आणि मग आहे विकत घेतलेली आयडी. टेलिग्राम-इन्स्टाग्रामवर जुन्या, भारी स्किन असलेल्या आयडी राजरोस विकल्या जातात. पैसे मोजले म्हणून ती आपली होते, हा भ्रम आहे. विकणारा महिन्याभराने कंपनीला कळवतो की माझं खातं चोरीला गेलं. जुना ईमेल आणि पहिल्या खरेदीची पावती त्याच्याकडेच असते. खरेदी-विक्री मुळात गेमच्या नियमात बसत नाही, त्यामुळे घेणाऱ्याला कुठे दादही मागता येत नाही.

चोरी झाली, की तसं वाटतंय?

आधी खोटे भास बाजूला काढू. नवा फोन घेतला, गेम उघडला आणि आपल्याऐवजी पहिल्या पातळीवरचा नवा खेळाडू दिसला, की पोटात गोळा येतो. अनेकदा झालेलं एवढंच असतं की पूर्वी फेसबुकने शिरत होतो आणि आता चुकून गूगलने शिरलो, किंवा फोनमधला दुसराच जीमेल निवडला गेला. बाहेर पडून बाकीचे पर्याय एकेक करून पाहावेत. पाहुणा म्हणून, म्हणजे गेस्ट पर्यायाने खेळत असाल, तर मात्र ती आयडी त्या फोनशीच बांधलेली असते. फोन बदलला की ती जाते, आणि त्यात चोराचा हात नसतो.

खऱ्या चोरीच्या खुणा गेमच्या आत शोधाव्यात. सामन्यांच्या इतिहासात आपण न खेळलेले सामने दिसतात, तेही आपण शाळेत किंवा क्लासला असतानाच्या वेळेचे. यूसी कमी झालेलं असतं, अनोळखी खेळाडूला भेट गेलेली असते, क्लॅनमधला मित्र विचारतो, ‘काल रात्री तू मला पैसे का मागत होतास?’ ईमेलवर नव्या उपकरणाची सूचना येऊन पडलेली असते.

ती सूचना आलीच नसेल तर? इथे एक जागा मुद्दाम तपासायला हवी, आणि ती फारच थोडे लोक पाहतात. चोराला जीमेलही मिळालं असेल, तर तो त्यात एक फिल्टर बसवून ठेवतो: अमुक कंपनीकडून आलेलं पत्र परस्पर कचऱ्यात टाका. मग सूचना येतात आणि तुम्हाला दिसण्याआधीच नाहीशा होतात. मोबाईलच्या जीमेल अॅपमध्ये ही सोय दिसत नाही. संगणकावर जीमेल उघडून सेटिंगमध्ये Filters and Blocked Addresses हा भाग पाहावा, आणि त्याच्या शेजारीच Forwarding हा. आपण न बनवलेला नियम दिसला, तर त्याचा फोटो काढून तो पुसावा. फोटो पुढे तक्रारीत कामी येतो.

आतून बाहेर नाही, बाहेरून आत

समजा, सानपाड्यातला बारावीचा ओंकार. शनिवारी रात्री त्याने तसल्याच लिंकवर फेसबुकचा पासवर्ड दिला. जीमेललाही तोच पासवर्ड होता आणि दुहेरी पडताळणी बंद होती. रविवारी सकाळी तो गेममधून बाहेर फेकला गेला, आणि गूगल प्लेच्या शिल्लकीतले मामाने दिवाळीला दिलेल्या गिफ्ट कार्डाचे १,६०० रुपये उडाले होते.

अशा वेळी हात आधी गेमकडेच वळतो, आणि तिथेच चुकतं. गेमचं खातं फेसबुकवर टेकलेलं, फेसबुक जीमेलवर टेकलेलं. पासवर्ड विसरला की नव्या पासवर्डाची लिंक जीमेलवरच येते. जीमेल चोराकडे असेपर्यंत तुम्ही सोडवलेली प्रत्येक गोष्ट तो परत बांधू शकतो. म्हणून ओंकारने सुरुवात जीमेलपासून करायची, तीही आपल्याच नेहमीच्या फोनवरून आणि घरच्या वायफायवरून. गूगल खरा मालक ओळखताना ओळखीचं उपकरण आणि ओळखीची जागा यांना वजन देतं. सायबर कॅफेतून केलेला अर्ज म्हणून मागे पडतो. चोराने पासवर्ड बदलला असेल, तर g.co/recover हे पान आहे. त्याने रिकव्हरीचा फोन नंबर बदलला असला, तरी जुन्या नंबरावर कोड मागवण्याची मुभा साधारण सात दिवस मिळू शकते. पुढच्या आठवड्यात परीक्षा संपल्यावर बघू म्हटलं, की ही मुदत हातची जाते.

जीमेल हाती आलं की नवा पासवर्ड, अनोळखी उपकरणं बाहेर, फिल्टर साफ आणि दुहेरी पडताळणी चालू. त्या पडताळणीसोबत गूगल दहा राखीव कोड देतं. ते कागदावर लिहून घरात ठेवावेत, फोन हरवला तर तेच वाचवतात. मग फेसबुक. चोराने तिथला ईमेल बदलला असेल, तर जुन्या ईमेलवर ‘हे तुम्ही केलं नसेल तर’ असं पत्र येतं आणि त्यातली लिंक बदल उलटवते. ते पत्रही कचऱ्याच्या डब्यात शोधावं लागेल, कारण मघाचा फिल्टर. पत्र नाहीच सापडलं, तर facebook.com/hacked.

आणि सगळ्यात शेवटी गेम. आत शिरता आलं तर जोडलेल्या खात्यांची यादी पाहायची आणि परकं खातं काढायचं. शिरता आलं नाही, तर गेमच्या ग्राहक सेवेला लिहायचं.

> पहिल्या तासात, याच क्रमाने
>
> १. जीमेल: पासवर्ड, अनोळखी उपकरणं, फिल्टर, दुहेरी पडताळणी.
> २. बँक: अनोळखी व्यवहार दिसला तर लगेच कळवा, कार्ड तात्पुरतं बंद करा.
> ३. फेसबुक किंवा ज्यातून गेममध्ये शिरता ते खातं: सगळ्या उपकरणांतून बाहेर.
> ४. गेम: परकं जोडलेलं खातं काढा, ग्राहक सेवेकडे तक्रार.
> ५. प्रत्येक टप्प्यावर पडद्याचा फोटो, तारीख-वेळेसह.

ग्राहक सेवेला लिहिताना ‘प्लीज माझी आयडी परत द्या, खूप मेहनत केली आहे’ या ओळीचा काही उपयोग नाही. चोरही हेच लिहू शकतो. कॅरेक्टर आयडीसोबत चोराला जे ठाऊक नाही ते लिहा: आयडी पहिल्यांदा कोणत्या खात्याने उघडली, कोणत्या मॉडेलच्या फोनवर खेळत होतात, शेवटचा आपला सामना कधीचा, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे सगळ्यात जुन्या खरेदीचा ऑर्डर क्रमांक. गूगल प्लेच्या पावतीवर तो GPA या अक्षरांनी सुरू होतो. पहिल्या रॉयल पासची ती पावती पडली आहे जीमेलमध्ये, कित्येक वर्षं, कुणी न उघडलेली. आयडी कोणाची, या वादात तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

पैसे परत मिळतात का?

या प्रश्नाचं एक उत्तर नाही, कारण खरेदी तीन प्रकारची असते आणि प्रत्येकीची वाट वेगळी.

चोराने तुमच्या पैशाने केलेली खरेदी ही पहिली. ओंकारचे १,६०० रुपये यात मोडतात. आपल्याकडे कार्डाला ओटीपी आणि यूपीआयला पिन लागतो, त्यामुळे चोर बहुधा त्या वाटेला जात नाही. गूगल प्लेची शिल्लक मात्र आधीच भरलेली असते, ती ओटीपीशिवाय खर्च होते. प्लेच्या ऑर्डर-इतिहासात तो व्यवहार उघडून, आपण किंवा ओळखीच्या कुणीही तो केलेला नाही असं गूगलला कळवता येतं. मुदत व्यवहारापासून १२० दिवस. ‘ओळखीच्या कुणीही’ हे शब्द नीट वाचावेत. धाकट्या भावाने केलेली खरेदी या रस्त्याने परत मागता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये जोगेश्वरीच्या सोळा वर्षांच्या मुलाने आईच्या खात्यातून पबजीपायी सुमारे १० लाख रुपये घालवल्याचं उघड झालं होतं, आणि रागावल्यावर तो घर सोडून गेला होता. पोलिसांनी त्याला शोधून आणलं. तिथे हॅकर कुणी नव्हता. म्हणून अर्ज भरण्याआधी घरात शांतपणे, न ओरडता विचारावं.

पैसे बँकेच्या खात्यातून किंवा कार्डातून गेले असतील, तर रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेला नियम कामी येतो. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काही बोजा नाही. ओटीपी स्वतःच दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. इथे एक मोह टाळावा. चिडून काही जण आपण स्वतः केलेल्या जुन्या खरेदीही ‘फसवणूक’ म्हणून बँकेकडे नाकारतात. बँक पैसे ओढून घेते आणि गेम कंपनी खातं कुलूपबंद करते. परत मिळालेली आयडी अशी दुसऱ्यांदा जाते. फक्त चोराचेच व्यवहार नाकारावेत.

दुसरा प्रकार, आपण पूर्वी घेतलेल्या स्किन आणि कपडे. बीजीएमआयमध्ये वस्तू खुलेपणाने एकमेकांना विकता येत नाहीत, त्यामुळे चोर आयडीच अख्खी विकायला पाहतो. खातं परत आलं की वस्तू बहुतेक जागच्या जागी सापडतात.

तिसरा प्रकार चोराने खर्चून टाकलेल्या यूसीचा आणि देऊन टाकलेल्या वस्तूंचा. हे बहुधा परत येत नाही, आणि त्यामागचं कारण कंपन्यांचा नुसता आडमुठेपणा नाही. संगणकावरच्या गेमची मोठी बाजारपेठ असलेल्या स्टीमचं उदाहरण घ्या. तिथे स्किन खऱ्या पैशांत विकल्या जातात. डिसेंबर २०१५ मध्ये स्टीमच्या मालक कंपनीने, व्हॉल्व्हने, जाहीर केलं की दर महिन्याला सुमारे ७७ हजार खाती लुटली जात आहेत. पूर्वी ते लुटलेल्या माणसाला वस्तूची नवी प्रत बनवून देत. पण मूळ वस्तू तोवर एखाद्या निरपराध गिऱ्हाइकाने विकत घेतलेली असे. ती त्याच्याकडून काढायची कशी? मग एकाच्या दोन झाल्या, आणि जिची किंमत दुर्मीळ असण्यावरच होती, ती वस्तू सगळ्यांसाठीच स्वस्त झाली. शिवाय ‘मला लुटलं’ म्हणत दुसरी प्रत उकळणारे निघाले ते वेगळेच. शेवटी व्हॉल्व्हने परत देणं बंद केलं आणि चोरालाच उशीर होईल अशी व्यवस्था केली. जुलै २०२५ पासून काउंटर-स्ट्राइक २ मधली देवाणघेवाण सात दिवस उलटवता येते आणि तेवढे दिवस घेणाऱ्याला ती वस्तू पुढे विकता येत नाही. सात दिवसांत लक्ष गेलं नाही, तर गेलं ते गेलं.

स्टीम खेळणाऱ्यांनी आणखी एक पान पाहून ठेवावं: steamcommunity.com/dev/apikey. एपीआय की म्हणजे खात्याचं काम परस्पर चालवायला एखाद्या प्रोग्रॅमला दिलेली परवानगी. सामान्य खेळाडूला ती लागतच नाही. तिथे एखादी नोंदवलेली दिसली आणि ती तुम्ही घेतलेली नसेल, तर चोर तुमच्या देवाणघेवाणीवर नजर ठेवून आहे. पासवर्ड बदलूनही ती तशीच राहू शकते, हाताने रद्द करावी लागते.

तक्रार कुठे?

पैसे कुणाच्या तरी खात्यावर गेले असतील, स्वस्तात यूसी देतो म्हणणाऱ्याला यूपीआय केलं असेल, तर १९३० हा क्रमांक ताबडतोब लावावा. पैसे ज्या ज्या बँकांतून पुढे सरकतात तिथे ते अडवण्यासाठीच ही व्यवस्था आहे, आणि एकदा रोख काढली की अडवायला काही उरत नाही. नुसती आयडी गेली असेल, तर १९३० ची घाई नाही, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवावी. नवी मुंबईकरांना जवळच्या पोलीस ठाण्यातही जाता येतं, पोलीस आयुक्तालय सीबीडी बेलापूरला आहे. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ‘गेमचंच तर आहे’ असं कुणी म्हणालं, तर चोरी फेसबुक आणि जीमेलची झाली आहे हे आधी सांगावं, आणि पावत्यांची बेरीज पुढे ठेवावी.

इन्स्टाग्रामवर ‘शंभर टक्के आयडी रिकव्हरी’ची जाहिरात करणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. खातं परत देण्याचा अधिकार फक्त गेम कंपनीला, गूगलला आणि फेसबुकला आहे. त्यांच्यापैकी कुणीही त्यासाठी पैसे घेत नाही.